तीन लाख भरले, तरी चार हजार कुठं गेले?

माझ्या मुकुंदवाडीतल्या फ्लॅटच्या कर्जात बाबांनी स्वतःच्या ग्रॅच्युइटीचे तीन लाख घातले. वाळूजच्या कारखान्यात ते तीस वर्षं फिटर होते, मापात सुईएवढाही फरक त्यांना चालत नसे. पाच तारखेचा हप्ता गेल्यावर नऊ लाख चाळीस हजार बाकी होते. बावीसला तीन लाख भरले, म्हणजे उरले सहा लाख चाळीस. तो आकडा त्यांनी कॅलेंडरवर लिहूनही ठेवला.

मोबाइलवर मात्र आलं, बाकी ६,४३,९४०.

"चार हजार खाल्ले!" बाबा कडाडले. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. "दंड लावला असंल. तू सही करताना वाचलं नाय." बदलत्या व्याजदराच्या माझ्या गृहकर्जाला आधी पैसे भरल्याचा दंड नसतो, हे मी दहादा सांगितलं. चौथ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढून त्यांना बँकेत नेलं.

काउंटरवरचा तरुण स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "सिस्टीममध्ये बरोबर आहे."

"मग सिस्टीमला भाईर बोलवा," बाबा म्हणाले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शेवटी कर्ज विभागातल्या मॅडमनी आम्हाला बसवलं आणि कागद ओढला. "काका, पाच ते बावीस, सतरा दिवस तुमच्याकडे बँकेचे नऊ लाख चाळीस हजार होते. नऊ टक्क्यांनी त्याचं व्याज तीन हजार नऊशे चाळीस. भरलेल्या पैशातून आधी ते वळतं झालं, उरलेलं मुद्दलात गेलं."

"मग पाच तारखेलाच भरायचे होते म्हणा की!"

"पुढच्या पाचपर्यंत थांबला असता तर आकडा जुळला असता, पण तीन लाखांवर आणखी तेरा दिवसांचं व्याज गेलं असतं. साडेनऊशेच्या वर. आणि आता पुढच्या हप्त्यात व्याज फक्त तेरा दिवसांचं, तेही कमी रकमेवर."

बाबांनी खिशातून नोटा काढल्या. "हे घ्या तीन हजार नऊशे चाळीस. सहा चाळीस करून टाका."

"काका, बावीसपासून चार दिवस झालेत. यातले सहाशे पस्तीस व्याजात जातील. सहा चाळीस होणार नाही."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू व्याजाचा शोध मीच लावला. नोटा परत खिशात गेल्या. मला हसूही येईना, रडूही.

पाच तारखेला साडेचौदा हजारांचा हप्ता गेला. त्यातले व्याजाचे दोन हजार चौसष्ट, बाकी सगळे मुद्दलात. बाबांनी चष्मा लावून दोनदा वजाबाकी केली. "सहा लाख एकतीस हजार पाचशे चार," ते म्हणाले, "बरोबर हाय." चष्मा काढून पुढे म्हणाले, "पण आधी सांगायला काय झालं होतं त्यांना?"