मंद आचेवरचा ऊद

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते पाथरीच्या खालांचे. कॉलेजात असताना मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहायचो. घरातला पहिला पदवीधर झालो, तेव्हा त्यांनी माझ्या आईला जेवायला बोलावलं. पाहुणे आले की त्या विजेच्या धूपदाणीत बखूर, म्हणजे सुगंधी लाकडाचा धूप, लावत. पण चुलीपुढे बसून बसून आईची छाती खराब झालेली. जरा धूर झाला की तिला उठून बाहेर जावं लागे. मी खालांना हळूच सांगितलं.

"म्हणजे तुज्या आईला बिनखुशबूचं बसवू? थांब जरा," त्या म्हणाल्या.

त्यांनी धूपदाणीतला जुना तेलकट फॉइलचा कागद काढून नवा लावला. खिडकी उघडली, आच अगदी कमी ठेवली आणि तेलात मळलेल्या बखूरऐवजी उदाच्या सुगंधी लाकडाची नखाएवढी ढलपी ठेवली. धूर दिसलाच नाही, वास मात्र पसरला. ढलपी काळी पडायच्या आत त्यांनी ती चिमट्यानं उचलली.

"करपली की ठसका लागतो," त्या आईला म्हणाल्या.

आई जेवण होईपर्यंत आतच बसली. "लय गोड वास हाय, बाई," म्हणाली.

नोकरी लागल्यावर मी घरी तशीच धूपदाणी नेली आणि खालांना पत्र लिहिलं:

"खाला, आई आता स्वतःच ऊद लावते. वडील मोठा तुकडा टाकायला गेले की त्यांच्या हातावर चापट मारते. बसायला जागा केली हाय, तुमी कधी येता, असं तिनं विचारलंय."