काळ्या पट्टीच्या अलीकडे

माय गेली तेव्हा तिचा एकही धड फोटो घरात नव्हता. आणि मी नोकरीला होते कुठे, तर गोंदियाच्या बाजारात एका फोटो स्टुडिओत. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नाचे अल्बम लावायचे, नवऱ्यामुलीच्या गालावरचे डाग पुसायचे, आकाश निळं करायचं. लोकांना हसू आलं असेल. येऊ दे. बाबा गेल्यापासून माय कॅमेरा पाहिला की पदर तोंडावर ओढायची. "माहा फोटो कायले काढतेस? मी का आता फोटोत येयाची बाई हाओ का?" म्हणायची. तिला हे कोणी शिकवलं ते मला माहीत आहे. अख्ख्या गावानं शिकवलं.

मतदार कार्डावर एक फोटो होता. त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसत होती, नाक आणि दोन काळे खड्डे. तो मोठा करून तेरवीला ठेवायचा, असं मुर्रीला, माहेरच्या घरी, ठरत होतं. मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत हे होणार नाही. मायचा चेहरा मी शोधून आणते.

मला आठवत होतं, भावाच्या लग्नात माय मांडवात होती. म्हणजे मांडवाच्या कडेला, बांबूच्या खांबाजवळ. हळदीला, मंगलाष्टकांना, सगळीकडे आईच्या जागी मोठी माय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची, आमच्या मोठ्या बाबांची बायको, बसली होती. विधवेनं पुढे यायचं नसते ना! पोराला नऊ महिने पोटात वागवताना चालते, अक्षता टाकताना चालत नाही. मी तेव्हा नुकतीच सासरी गेलेली, पाहुण्यांसारखी आलेली, पाहुण्यांसारखी जेवून गेले.

त्या लग्नाची सीडी भावाकडे होती. "काही नाही त्याच्यात," तो म्हणाला. "माय एकदाबी दिसत नाही. आम्ही किती डाव पाह्यली." हे खरं होतं, टीव्हीवर ती दिसतच नव्हती. पण जुना डब्बा टीव्ही चित्राच्या कडा थोड्या खाऊन टाकतो. चारही बाजूंची एक बारीक पट्टी काचेच्या चौकटीमागे जाते, कॉम्प्युटरवर मात्र चित्र काठोकाठ दिसते. हे मला कामामुळे माहीत होतं. मी सीडी घेऊन दुकानात गेले.

दुकानातला मॉनिटर नवीन, रुंद. सीडीतलं चित्र जुनं, चौकोनी. पूर्ण स्क्रीनवर लावलं की डाव्या-उजव्या हाताला दोन उभ्या काळ्या पट्ट्या. वरून त्या व्हिडिओवाल्यानं सिनेमासारखं दिसावं म्हणून मिक्सिंगमध्येच वर-खाली काळं टाकून ठेवलेलं. चौफेर काळं आणि मधात माझ्या भावाचं लग्न. मी हळूहळू पुढे सरकत गेले. मंगलाष्टकं सुरू, कॅमेरा स्टेजवरून उजवीकडे फिरला, आणि एकदम काठावर काहीतरी फिकं हाललं. लगेच कॅमेरा परत स्टेजवर. मी मागे गेले, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. अख्ख्या सीडीत तेवढीच जागा होती. तिथं थांबवून स्क्रीनशॉट घेतला आणि सेव्ह केला. चेहरा आहे की पोतं, तेही कळत नव्हतं.

तेवढ्यात घरून फोन आला, पाहुणे आले म्हणून. मी दुकानाच्या मालकाला, शेठला सांगितलं, मायचा फोटो यातून काढायचा आहे, उद्या येऊन करते. शेठ भला माणूस. त्याच्या भलेपणानं माझं नुकसानच केलं. दुसऱ्या दिवशी मी भावाला घेऊन दुकानात गेले तर त्यानं हसतमुखानं लिफाफा हातात ठेवला. "बहनजी, आपके लिए मैंने ही कर दिया. सब काला काट दिया, प्रिंट भी निकाल दिया. पैसा नहीं लेना है."

प्रिंटमध्ये भाऊ, नवरी, आंतरपाट, मोठी माय, मोठे बाबा. फ्रेमच्या मापाचा चौकोन ठेवून त्यानं जिथपर्यंत उजेड होता तिथपर्यंत ओढला होता. उजेड स्टेजवर होता. माय उजेडात नव्हती, म्हणून ती काळ्या पट्टीसोबत कापली गेली. अंधारात कोणी माणूस उभं केलेलं असेल हे त्याला काऊन सुचावं?

"मी सांगतलो ना तुले," भाऊ म्हणाला. "माय नाहीच त्याच्यात. कार्डावरचाच करून टाक न, ताई. कायले जीव खाऊन राहिली?" त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. मला राग आला, पण तेव्हा मला ते त्याच्या दुःखाचाच भाग वाटलं.

"बस इथं," मी म्हटलं आणि मूळ स्क्रीनशॉट उघडला.

काळं सगळं सारखं नसते. कॉम्प्युटरनं भरलेली पट्टी मेल्यासारखी काळी असते. तिच्यावर कर्सर ठेवला की तिन्ही रंगांचे आकडे शून्य. चित्रातला अंधार असा नसतो, त्यात थोडा लाल, थोडा निळा, काहीतरी सांडलेलं असते. मी उजवीकडचा भाग मोठा केला आणि उजेड वाढवत नेला. पट्टी होती तशीच राहिली. पण तिच्या अलीकडे, जिथं शेठला नुसतं काळं दिसलं होतं, तिथं दाणे उठले. मातकट, निळसर. मग बांबूचा खांब आला. मग शालीचा काठ. आणि पट्टी जिथं सुरू होत होती तिथं एक सरळ उभी रेघ स्वच्छ दिसू लागली. तीच चित्राची खरी हद्द. मी क्रॉपचा चौकोन त्या रेघेला नेमका टेकवला. एक ठिपका इकडे नाही की तिकडे नाही. वर-खालीही तसंच केलं आणि एंटर मारलं.

माय होती.

बाई गं! दोन्ही डोळे नव्हते. एक डोळा, अर्धं नाक, अर्धं तोंड. त्या रेघेनं तिला मधातून चिरलं होतं. पण तो एक डोळा मायचाच होता, पोराकडे पाहत होता. उजवा हात वर उचललेला, मूठ बंद. अक्षता होत्या त्या मुठीत. लपून आली होती माझी माय, तिथून तरी दोन दाणे पोराच्या डोक्यावर पडावेत म्हणून. मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर हमसून हमसून रडले. शेठनं बाहेर जाऊन चहा सांगितला.

"आणखी थोडं उजवीकडे सरकव न," भाऊ म्हणाला. "त्या पट्टीच्या खाली उरलेली माय असंल."

"पट्टीच्या खाली काही नसते रे बाबा. पट्टीनं काही झाकलेलं नाही. चित्र तिथंच संपते. कॅमेऱ्यानं जेवढी घेतली तेवढीच माय आहे."

मी उजेड अजून थोडा वाढवला, शालीचा रंग यावा म्हणून. शालीबरोबर आणखी एक गोष्ट वर आली. मायच्या खांद्यावर एक हात होता. दुसऱ्या कोणाचा तरी. बोटं शालीत रुतलेली, मनगटात हिरवा चुडा आणि त्याच्या मागे सोन्याची पाटली. नुसता ठेवलेला हात नव्हता तो. माय त्याच्यानं मागे वाकली होती.

ती पाटली आमच्या घरात एकाच बाईकडे होती. मोठी माय उजेडाच्या उजव्या टोकाला पाठमोरी उभी, आणि तिचा मागे गेलेला हात माझ्या मायला मांडवाबाहेर ढकलत होता.

भावानं पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "हा हात काप."

"काय?"

"हात कापून टाक, ताई. पाहुणे पाहतीन. मोठ्या मायले कसं वाटंल?"

"मोठ्या मायला कसं वाटेल!" मी ओरडलेच. "हात कापला तर खांदा जाते. खांदा गेला तर तोंड जाते. मग काय उरते? शेठनं कापलं होतं तेच उरते. आणि तुला तिची एवढी दया कायची रे?"

तेव्हा तो खाली मान घालून बोलला. "तिचा दोष नाही. मीच तिले सांगतलो होतो. कॅमेरा इकडे फिरंल तं मायले बाजूला कर म्हणून. पोरीकडचे लोक पाहून राह्यले होते. अपशकून म्हणतीन वाटलं."

मी त्याच्यावर हात उगारला नाही, एवढंच. तोंडाला येईल ते बोलले. शेठ चहा घेऊन आला तो दारातूनच परत गेला. भाऊ उठला आणि सायकल घेऊन निघून गेला.

तेरवीला मुर्रीच्या घरात मतदार कार्डावरचा फोटो लागला, मोठा केलेला, झेंडूचा हार घातलेला, दोन काळे खड्डे घेऊन. मी माझा प्रिंट पिशवीत नेला होता. लावायला नाही. घरी ठेवायला जीव होत नव्हता म्हणून. मोठी माय त्या खड्ड्यांसमोर बसून पदर डोळ्याला लावत होती. मला ते पाहवेना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

तिथं भावजय एकटी होती. तिचं आणि मायचं कधी पटलंच नाही. एका छपराखाली दोन चुली. माय मागच्या पडवीत स्वतःचं स्वतः शिजवायची आणि ही तिला कधी ये म्हणाली नाही. मी तिला त्याबद्दल मनातल्या मनात कितीतरी शिव्या दिल्या होत्या. त्या दिवशी मात्र तिनं हळूच विचारलं, "ताई, तुम्ही मायचा कोणतातरी फोटो काढला म्हणत होते. पाहू?"

मी दिला. म्हटलं, पाह, तुझ्या लग्नाचाच आहे.

तिनं हात पुसून तो घेतला. बराच वेळ पाहिला. हाताबद्दल काहीच विचारलं नाही तिनं. मुठीवर बोट ठेवलं. "ह्या अक्षता आहेत का जी?"

"हो."

"आमच्यावर टाकाले आल्या होत्या?"

"मग कोणावर?"

ती पाटावर बसली. "मले तं यायनं, तुमच्या भावानं, पहिल्याच रात्री सांगतलं होतं," ती म्हणाली, "का मायले तू पसंत नाहीस, म्हणून ती मांडवात आली नाही. मी म्हटलं, जिले मी नको, तिच्या चुलीपाशी मी काऊन जाऊ?" "इतके वर्ष, ताई. एकाच घरात. मी त्यायले चहाबी विचारला नाही."

बाहेर पंगत बसली होती आणि भाऊ बुंदीची बालटी घेऊन वाढून राहिला होता, प्रत्येकाला आग्रह करून, पोटभर जेवा जी म्हणत.