दोन photo.jpg

लोहाऱ्यात चाचांच्या फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइन करते. मेलवर आलेला फोटो सेव्ह करताना फाइलच्या नावात आधी तारीख, मग पाठवणाऱ्याचं नाव, मग फोटोचं मूळ नाव. एकानंच दोनदा पाठवला तर शेवटी आकडा. हे मी चाचांना सांगून सांगून थकले. ते हसायचे. ‘‘बेटी, फोटोचं बारसं करायचंय का?’’

त्या दिवशी मी दुपारी पोचले. दारातच थबकले. जमिनीवर ताजा फ्लेक्स पसरलेला, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली हार घातलेल्या चौकटीत माझा नवरा.

नाव वाचायचं सुचलंच नाही. हे सकाळीच मोटारसायकलवर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला गेले होते. सगळ्यांना कळलंय, फक्त मलाच कुणी सांगितलं नाही, असंच वाटलं. तिथंच खाली बसले. ह्यांना फोन लावला.

‘‘काय गं?’’ हे म्हणाले. आवाज ह्यांचाच होता. फोन ठेवला आणि चाचांवर अशी कडाडले की शेजारचा चहावाला धावत आला.

झालं होतं ते सरळ होतं. माकणीच्या एका मुलानं वारलेल्या वडिलांचा फोटो पाठवला होता, photo.jpg. चाचांनी तो तसाच सेव्ह करून श्रद्धांजलीच्या डिझाइनला जोडला. मग ह्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी मेल आला, त्यातही photo.jpg. त्याच फोल्डरमध्ये सेव्ह करताना कॉम्प्युटरनं विचारलं, जुनी फाइल बदलू का? चाचा म्हणाले, हो. छापायला डिझाइन उघडलं तर त्यानं विचारलं, जोडलेला फोटो बदललाय, नवा घेऊ का? चाचा पुन्हा हो. चष्मा घरी राहिलेला.

‘‘माझं डोकंच फिरलं होतं, बेटी,’’ चाचा डोळे पुसत म्हणाले.

तेवढ्यात तो माकणीचा मुलगा आला. डोकं नुकतंच भादरलेलं. दुसऱ्या दिवशी दहावा होता. त्यानं फ्लेक्स बघितला.

‘‘ह्ये कोण?’’

‘‘माझे... आमचे हे. चुकून छापलंय. हे आहेत, बरे आहेत.’’

वाटलं, आता हा दुकान डोक्यावर घेणार, आणि त्याचं चुकलंही नसतं. त्यानं चाचांकडून कटर मागून घेतला. मी उठायला लागले तर हातानंच थांबवलं.

‘‘तुमी बघू नगा, ताई.’’

माझ्याकडं पाठ करून तो खाली बसला आणि फ्लेक्सचे तुकडे तुकडे केले. चेहऱ्याचा तुकडा आतल्या बाजूला दुमडून ठेवला.

‘‘घरी जावा. आमचं सकाळी छापलं तरी चालंल,’’ तो म्हणाला. ‘‘आमचे आप्पा आता कुटं जातेत.’’

मी घरी गेले नाही. मेलमध्ये आप्पांचा फोटो होताच. तो परत उतरवून घेतला, आधी तारीख लावली, त्या मुलाचं नाव लिहिलं, आणि सेव्ह केल्यावर मग रडले.