बाबांच्या ताटाचा फोटो

तिला सगळे ताई म्हणत. बाबा मात्र नुसतं ‘ए’ म्हणत. आई गेली तेव्हा ताई ऐन लग्नाच्या वयात होती. एक चांगलं स्थळ घरी येऊन बसलं होतं, आणि बाबांनी त्यांच्या देखत विचारलं होतं, “ही गेली तर आमचा स्वयंपाक कोण करणार?” पाहुणे हसले, चहा पिऊन गेले, ते पुन्हा आले नाहीत. त्यानंतर ताईने पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडलं आणि लोकांचे पडदे शिवत बसली.

बाबा बसवर तिकीट तपासनीस होते. नोकरी संपली तरी तपासणी संपली नाही. भाजीत मीठ किती, उशीचा अभ्रा उलटा का, दूधवाल्याशी ताई इतका वेळ काय बोलत होती, सगळं तपासून व्हायचं. धाकट्या भावाला मात्र सगळं माफ. त्याला ते राजा म्हणत. राजा शिकला, दुसऱ्या शहरात गेला, महिन्यातून एकदा फोन करू लागला.

मग बाबांना झटका आला. डावी बाजू लुळी पडली आणि गिळणं बिघडलं. दवाखान्यात गिळण्याच्या तक्रारी बघणाऱ्या बाई होत्या. बारीक आवाजाच्या, पण बोलायच्या स्पष्ट. त्यांनी ताईला समोर बसवून सांगितलं, “घास श्वासनळीत गेला तर यांना ठसका येईलच असं नाही. न खोकताच आत उतरेल. म्हणून सगळं एकदम मऊसूत हवं. गुठळी नको, साल नको, चिकट नको. पाणीसुद्धा पावडर घालून दाट केलेलं.”

“मला नाही जमलं तर?”

“फोटो पाठवत जा. मी बघून सांगेन.”

ताई भोपळा, गाजर, अंडं, जे असेल ते वाटायची, गाळणीतून घासून काढायची, फोटो काढायची. उत्तरं यायची. “कडेला पाणी सुटलंय, पुन्हा घोटा.” “वर साय धरलीय, काढून टाका.” एकदा तिने बटाटा मिक्सरमधून काढला. फोटोत तो लोण्यासारखा दिसत होता. बाईंनी चमचा तिरका करून व्हिडिओ पाठवायला लावला. बटाटा चमच्याला खळीसारखा चिकटून राहिला. “हा घशातही असाच बसेल,” बाईंनी लिहिलं. “फोटो अर्धंच सांगतो. चमचा तिरका केला की सगळा गोळा एकदम खाली पडला पाहिजे.”

बाबांना त्यातलं काही पटायचं नाही. जीभ जड झाली होती, तरी टोचायचं ते नेमकं टोचायची.

“चिखल,” ते म्हणायचे. “ए, चिखल खायला घालतेस.” आणि घास टॉवेलवर काढायचे, हळूच, तिच्याकडे बघत. ती टॉवेल बदलायची आणि दुसरा घास पुढे करायची.

भावाने फॅमिली ग्रुपवर रोजच्या ताटाचा फोटो मागितला. म्हणजे लांब राहूनही लक्ष राहील. ताईने पाठवला. काकूने लिहिलं, “अगं, हे काय कालवलंयस?” मावसभावाने तोंड वाकडं केलेलं चित्र टाकलं. भावाने लिहिलं, “ताई, माणूस आजारी असला तरी त्याला डोळे असतात.” त्याखाली सहा अंगठे उमटले.

एका रविवारी भाऊ आला. पिशवीतून नवं पांढरं ताट काढलं, बाह्या सरसावल्या आणि ताईला म्हणाला, “तू बस आज. मी दाखवतो कसं करायचं.” त्याने बटाटा काट्याने कुस्करला, मटार वाफवून ठेचले, भात मऊ शिजवून त्यावर पातळ सूप ओतलं. चमच्याच्या पाठीने गुळगुळीत डोंगर रचले, पांढरा, हिरवा, पिवळा. दिसत खरंच छान होतं. फोटो ग्रुपवर गेला आणि कौतुकाचा पूर आला. काकूने लिहिलं, “याला म्हणतात माया.”

“बाईंना विचारून घेऊ,” ताई म्हणाली.

“विचार की. मऊच आहे सगळं.”

तिने तोच फोटो बाईंना पाठवला. भावाने बाबांना उशा लावून ताठ बसवलं. बाबा ताटाकडे बघत राहिले आणि लहान मुलासारखे हसले. ताईने ते हसू कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिच्या वाट्याला तर कधीच आलं नव्हतं.

“राजा,” ते म्हणाले, “हिला बाहेर बसव. हिचं तोंड बघून जेवण जात नाही.”

भाऊ ओशाळून हसला. “ताई, जरा वेळ...”

ताई पुढच्या खोलीत यंत्रापाशी जाऊन बसली. फोन वाजला. बाईंनी लिहिलं होतं : “मटारची सालं दिसतायत. बटाट्यात गुठळ्या आहेत. शितं सुटी आहेत आणि भोवती पातळ सूप. एकाच घासात दाट आणि पातळ यांना झेपणार नाही. हे देऊ नका.”

तिने ते दोनदा वाचलं. आत भाऊ म्हणत होता, “आ करा बाबा. शाब्बास.” तिने फोन पडद्याच्या कापडावर पालथा ठेवला आणि हातशिलाईची सुई ओवायला घेतली. दोरा ओवला. गाठ मारली. आतून बाबांचा आवाज आला, “अजून.” तो आवाज ओला होता, घशात पाणी भरून बोलल्यासारखा. तिला त्याचा अर्थ माहीत होता. बाईंनी तिला तो शिकवला होता. ठसका एकही आला नाही.

ती उठली तेव्हा अर्धं ताट संपलं होतं.

“थांब,” ती दारातून म्हणाली. “बाई नको म्हणतायत.”

भावाने चमचा खाली ठेवला. “आत्ता सांगतेस?”

“आत्ता बघितलं.”

तिने बाबांना घसा साफ करायला लावला. त्यांना नीट खोकताही आलं नाही. तिने तोंडातली शितं बोटाला फडकं गुंडाळून काढली आणि बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, ताठच बसवून ठेवा, ताप आला किंवा धाप लागली तर थेट दवाखान्यात आणा. दुसऱ्या दिवशी ताप चढला. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया निघाला.

बाबा वाचले. पण गिळण्याचा एक्स-रे काढला तेव्हा घोटभर दाट पाणीही चुकीच्या वाटेने उतरताना दिसलं. नाकातून नळी घातली. तोंडाने काहीही बंद.

दवाखान्याच्या जिन्यात भाऊ भिंतीला डोकं टेकून रडला. “मी मारत होतो बाबांना. माझ्या हाताने.” ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. एक वाक्य बोलली असती तर त्याचं अर्धं ओझं उतरलं असतं. ती बोलली नाही. त्याने ग्रुपवरचा फोटो काढून टाकला आणि गेला तो गेलाच. पैसे पाठवतो, फोन करत नाही.

बाई घरी नळी बघायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, “माझा मेसेज लगेच गेला होता. दिसला नव्हता का?”

“दिसला होता,” ताई म्हणाली.

बाईंनी पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून दाखवली, तोंड रोज कसं पुसायचं ते सांगितलं आणि निघाल्या. दारातून वळून बघितलं नाही.

आता ताई नळीतून तयार आहार सोडते. चव नाही, वास नाही, नावं ठेवायला काही नाही. बाबा तिच्या हाताकडे बघत असतात. बोलणं आणखी पुसट झालंय, पण एक शब्द अजून कळतो.

“राजा?”

“येईल,” ती म्हणते. “तुमच्यासाठी जेवण घेऊन येईल.”

बाबांचे ओठ हलतात, जीभ कोरड्या टाळूवर फिरते. ती बघत राहते. नळी रिकामी झाली की पाणी सोडते, झाकण लावते आणि पुढच्या खोलीत जाऊन यंत्र चालू करते.