तिसऱ्या गटातली एक जागा

मी जन्माची भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आई म्हणायची ते उगाच नाही. एमएडच्या अभ्यासासाठी शहाद्याजवळच्या एका शाळेत रोज पाचवीच्या वर्गात जाऊन बसायचं ठरलं, तेव्हाही मला आधी भीती वाटली ती रस्त्याची. शाळेला तिन्ही बाजूंनी ऊस, आणि त्या हंगामात उसात बिबट्या फिरतोय असं जो तो सांगत होता.

अभ्यास साधा होता. मुलांना कसं बसवलं की ती जास्त बोलतात, एवढंच बघायचं. बाई त्याच, विषय तोच, तासही तोच. बदलायची ती फक्त बसण्याची रीत. आधी ओळी, मग जोड्या, मग चौघाचौघांचे गट. मुलं पट्ट्यांवर खालीच बसत, त्यामुळे हलवाहलवीला वेळ लागत नव्हता. मी कोपऱ्यात बसायची, पुढे वर्गाचा नकाशा, प्रत्येक मुलाची एक चौकट. कुणी हात वर केला, उत्तर दिलं, प्रश्न विचारला की त्याच्या चौकटीत खूण.

ओळीत बोलली ती पुढची आणि मधली मुलं. कडेची, मागची गप्पच. सगळ्यांत मागे, डावीकडच्या भिंतीला लागून एक मुलगी होती. तिची चौकट कोरी. आईबाप तिथल्याच एका मळ्यात मजुरीला. जोड्या केल्या तरी तिची जागा तीच राहिली, फक्त उजवीकडे एक मैत्रीण आली. आणि काय सांगू, ती बोलायला लागली! मैत्रिणीच्या कानात उत्तर सांगायची, मैत्रीण हात वर करायची. मग एकदा तिनं स्वतःच हात वर केला. मी इतकी हरखले की गटांची वेळ आली तेव्हा माझं लक्ष तिच्यावरच. मान वर केली की तीच, खाली घातली की तिचीच चौकट.

गटांच्या पहिल्या दिवशी वर्गाचा नुसता बाजार झाला. फळ्याकडे पाठ आलेली मुलं सारखी वळून बघत होती, पण प्रश्न धडाधड येत होते. ती तिसऱ्या गटात, खोलीच्या मधोमध, डाव्या गालावर तळहात ठेवून. चौकट कोरीच. म्हटलं, बुजली असेल, उद्यापर्यंत होईल सवय.

मधल्या सुट्टीनंतर तास पुन्हा सुरू झाला. बाकीच्यांच्या खुणा करण्यात बराच वेळ गेल्यावर मी तिसरा गट मोजला तर तिघंच. ओळीत एक मूल नसलं तर खिंडार दिसतं. गटात तसं होत नाही. तिघांनी सरकून गोल मिटवून टाकला होता. बाईंनी विचारलं तर मुलं म्हणाली, ती मागच्या वाटेनं गेली.

मागची वाट म्हणजे ऊस.

बाईंनी वर्ग शेजारच्या सरांवर सोपवला आणि आम्ही दोघी निघालो. दोन्हीकडे डोक्याच्या वर ऊस, आत दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. पाचट वाजलं की मी जागच्या जागी थिजायची. तरी हाका मारत राहायची. त्या वेळी मला बिबट्या माझ्यासाठी दिसत नव्हता, हे खरं सांगते. तिच्यासाठी दिसत होता, आणि ते फार वाईट होतं. बाई पुढे चालत मला दटावत होत्या, पण त्यांचाही पदर हातात चुरगळला होता.

ती मोटारीच्या खोलीत सापडली. पंपामागे, भिंतीला डावा गाल लावून बसलेली. बाईंनी तिला उचलून पोटाशी धरलं तेव्हा तो गाल मला पहिल्यांदा पुरता दिसला. कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा डाग. एवढे दिवस ती भिंतीशी का बसत होती, ते तेव्हा कळलं.

मी खाली बसले. मुलं चिडवतात का, असं मी विचारलं. तिनं मान हलवली, नाही. मग म्हणाली, "माले भितना जोडे बसू द्या."

बाई म्हणाल्या, उद्यापासून भिंतीजवळच बस, कोणी काही म्हणणार नाही.

तिनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि लगेच तोंड फिरवलं. डाग बाईंच्या पदरात लपवला.

"अन् त्या बाईले सांगा," ती त्यांना म्हणाली, "मन्हाकडे देखीसन लिखू नका."