मधल्या वेळेची गिऱ्हाइकं

वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या कचेरीत कारागिरांच्या कामाच्या चिठ्ठ्या साहेब क्रमाने लावायचे. वेळ दिलेली गिऱ्हाइकं आधी आणि ‘दिवसभर कधीही या’ म्हणणारी शेवटी, हा त्यांचा खाक्या. भल्या माणसांनी ताटकळायचं, हा कुठला न्याय? फोन घेणाऱ्या ताईंच्या डोक्यात तिडीक जायची, कारण त्या लोकांच्या शिव्या त्यांनाच खाव्या लागायच्या.

त्या दिवशी साहेब उशिरा येणार होते. ताईंनी दादांच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या कारागिराच्या, सहा चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. तीन कामं पुलाच्या अलीकडे, तीन पलीकडे. साहेबांच्या पद्धतीने पूल चारदा ओलांडावा लागला असता.

ताईंनी नऊचं अलीकडचं काम पहिलं ठेवलं. पलीकडे दहाचं आणि बाराचं काम होतं, त्यांच्या मधे तिथलंच ‘कधीही’वालं बसवलं. मग पूल ओलांडून परत, दोनचं काम आणि शेवटी अलीकडचं ‘कधीही’वालं.

“साहेब माझ्या नावाने खडे फोडतील,” दादा म्हणाले.

“माझं नाव सांगा. पण वेळा चुकवू नका.”

पाचला पाळी संपायची. सव्वाचारलाच दादांनी सह्या झालेल्या सहाही चिठ्ठ्या टेबलावर आपटल्या.

साहेबांनी त्या दोनदा उलटसुलट पाहिल्या. “‘कधीही’वाले दोन्ही झाले?”

“झाले. पलीकडच्या आजींनी तर विचारलं, आज चुकून आलात का?”

साहेबांनी उद्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ताईंपुढे सरकवला.