पडीक म्हणून नोंदलेल्या दहा पट्ट्या

भूमापन कचेरीत चौतीस वर्षे मोजणीची साखळी खांद्यावर वाहिल्यामुळे त्यांना सगळे साखळीभाऊ म्हणत. स्वभाव तोलूनमापून. चहा पितानाही ते कप टेबलाच्या कडेपासून चार बोटे आत ठेवत. निवृत्तीनंतर सात वर्षांनी त्यांच्याच हातची एक जुनी मोजणीवही त्याच कचेरीच्या अभिलेखागारात काम करताना माझ्या हाती आली. डोंगरावरच्या बारा पट्ट्यांपैकी दोनांपुढे ‘पिकाखाली’ आणि दहांपुढे ‘पडीक’ असा शेरा त्यात होता. अक्षर सुरेख, खाडाखोड एकही नाही. या नोंदीच्या आधारे त्या दहा पट्ट्या खोऱ्यातल्या भूमिहीन होत चाललेल्या कुटुंबांना वाटायचे ठरले होते. सुनावणी आठ दिवसांवर आली होती.

अर्जदारांच्या यादीत पहिले नाव साखळीभाऊंच्या धाकट्या बहिणीच्या थोरल्या मुलाचे होते.

बहिणीचे घर खोऱ्यात, भातखाचरांच्या कडेला. दीड एकर जमीन, वर्षाला दोन पिके. घरातले अकराही जण चिखलात वाकलेले. शेणखत टोपलीने, पाणी पाटाने, रोप न् रोप हाताने. त्यांच्या आजोबांच्या वेळी याच दीड एकरावर पाच माणसे जगत होती. श्रम वाढवत नेले, तशी माणसेही पोसली गेली. मात्र आता चार मुलांत फाळणी झाली, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम पंधरा गुंठे येणार होते.

“दादा, डोंगरावर चाळीस घरं आणि जमीन केवढी!” बहीण म्हणाली. “इथं आमची बांधावर पाय ठेवायला मारामार. आणि ती जमीन वर्षानुवर्षं रिकामीच की! तूच लिहिलंयस ना?”

“लिहिलंय,” ते म्हणाले. “पण एकदा वर जाऊन पाहतो.”

दुसऱ्या दिवशी ते डोंगर चढले. सोबत मी आणि मोजणीवही. वरच्या वस्तीत ‘थोरली’ नावाने ओळखली जाणारी वृद्धा आम्हाला सातव्या पट्टीत घेऊन गेली. दाट झाडी, त्यात कमरेएवढ्या उंचीचे जुने खुंट, आणि प्रत्येकातून मनगटाएवढे चार-पाच फुटवे.

“साहेब, मोजणीला आलात तेव्हा तुम्ही इथूनच गेलात,” ती म्हणाली. “खुंट पाहिलेत?”

“पाहिले. वाटलं, कुणीतरी आळशीपणानं झाडं अर्धवट तोडलीत.”

ती हसली. “आळशी! वाकून मुळाशी तोडायला कितीसं बळ लागतं? मुद्दाम उंच ठेवतो. मूळ जिवंत राहिलं, तर रान लवकर उठतं. झाडोरा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा. राखेवर दोन वर्षं पीक. मग दहा वर्षं हात लावायचा नाही. दरवर्षी एक पट्टी नवी, एक सुटलेली.”

साखळीभाऊंनी बोटांवर हिशेब केला. बारा पट्ट्या, दोन पिकाखाली, दहा विसाव्यात. वहीतले आकडे अचूक होते. शेराच चुकला होता.

“यातल्या दहा गेल्या तर?”

“तर उरलेल्या दोनच पुन्हापुन्हा जाळू. तिसऱ्या वर्षी राख कमी, तण जास्त. पाचव्या वर्षी दगड.” थोरली पुढे म्हणाली, “आणि तुमच्या लोकांना इथं चिखल करायचा, तर पाणी कुठून आणणार? डोंगराच्या पाठीवर पाट चढत नाही, साहेब.”

उतरताना त्यांनी वाटेत दोनदा विसावा घेतला. मी विचारले, “बहिणीला काय सांगणार?”

“खरं ते. पण खरं सांगितल्यानं तिची भूक मिटत नाही, हेही सांगावं लागेल.”

सांगितले तेव्हा ती ओरडली नाही. “म्हणजे चाळीस घरांना बारा पट्ट्या, आणि माझ्या चौघांना फाळणी.”

“डोंगरातली जमीन चाळीसच घरं पोसू शकते गं. शंभर चढवलीस तर चाळीसही उरणार नाहीत. खाली जमिनीला विसावा नाही, म्हणून तुम्ही तिला खत-पाणी देता. वर खत-पाणी नाही, म्हणून ते तिला विसावा देतात.”

“पाठ कर हे. सुनावणीत बोलायचंय तुला,” ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

सुनावणीत ते उभे राहिले. अधिकाऱ्याने विचारले, “चाळीस वर्षांपूर्वीची नोंद आज चुकीची म्हणता? पुरावा काय?”

“सातव्या पट्टीतले खुंट, साहेब. ते मी तेव्हाही पाहिले होते. रकान्यात दोनच शब्द बसत होते, पिकाखाली किंवा पडीक. तिसरा शब्द मी विचारलाच नाही.”

अधिकारी स्वतः डोंगर चढून आला. वाटप थांबले. मोजणीवहीत दहा ओळींवर लाल रेघ ओढून प्रत्येकीपुढे ‘फेरपाळीतील विसावा’ असे लिहिण्यात आले. प्रत्येक शेऱ्याखाली सही साखळीभाऊंनी केली.

त्यांचा थोरला भाचा त्या हंगामानंतर शहरात कामाला गेला. बहिणीने पुढे दोन वर्षे त्यांच्याशी बोलणे टाकले. त्यांनी तिला दोष दिला नाही. “तिची मोजणी बरोबर आहे,” ते म्हणत. “माझी उशिरा बरोबर झाली.”